एसीचं बटण दाबलं तर कॉम्प्रेसरची प्लेट ओढतच नाही, गॅरेजवाला म्हणतो कॉम्प्रेसर बदला

घोडबंदरचा_वाटसरू (शनिवार, सकाळी ९:४०)
मंडळी नमस्कार. गाडी १२ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा दुसरीकडेच जाईल. मंगळवारपासून एसी बंद. ब्लोअर मस्त चालतो, बटणावरचा दिवा पण लागतो, पण हवा साधी, बाहेरची असते तशीच. बॉनेट उघडून बायकोला बटण दाबायला सांगितलं तर पुली पट्ट्याबरोबर फिरते पण तिच्या पुढची प्लेट जागची हलत नाही, आणि तो नेहमीचा टक आवाज येत नाही. कासारवडवलीजवळच्या एका गॅरेजला दाखवली, त्याने नुसतं वाकून बघितलं आणि म्हणाला कॉम्प्रेसर गेलाय, सेकंडहँड टाकला तरी १३ हजार. मीटर लावला नाही, गेज लावला नाही, काहीच नाही. ऑक्टोबरमध्ये मानपाडा ते माजिवडा बिनाएसी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. घरी काय काय तपासता येईल? माझ्याकडे साधा मल्टीमीटर आहे, आणि वापरायची थोडी अक्कल.

सावंत_डोंबिवली (९:५८)
क्लच प्लेट घासली की असंच होतं. मी गेल्या वर्षी अख्खा सेट बदलला, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं. नंतर गाडी लोण्यासारखी. घाटात पिकअप पण सुधारला.

घोडबंदरचा_वाटसरू (१०:०२)
काका ती गिअरची क्लच प्लेट. मी एसीच्या कॉम्प्रेसरवरची म्हणतोय 😀

सावंत_डोंबिवली (१०:०५)
अच्छा अच्छा. मग माहीत नाही. पण तुमची ती पण बघून घ्या, १२ वर्षं झाली म्हणताय.

पामबीच_पॅडी (१०:३१)
भावा १००% गॅस कमी. गॅस कमी झाला की प्रेशर स्विच कट मारतो आणि कॉम्प्रेसर येत नाही. कंडेन्सरच्या पाइपवर दोन वायरचा स्विच असेल, त्याचा कपलर काढ, वायरच्या तुकड्याने दोन्ही पिना शॉर्ट कर, कॉम्प्रेसर लगेच येईल. मी तसाच वाशी ते लोणावळा गेलोय. मग निवांत गॅस भर.

तारवाले_कळवा (११:१५)
पॅडी, गॅस कमी झाला की स्विच कट मारतो हे तुझं बरोबर, पण शॉर्ट करून लोणावळ्याला जायचं हे कुणी करू नका. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबर फिरतं. गॅस नसेल तर ऑइल परत येत नाही, आत धातू धातूवर घासतो आणि मग खरंच १३ हजारांचा कॉम्प्रेसर लागतो. तो स्विच त्यासाठीच लावलेला असतो. दोन-चार सेकंद टक ऐकण्यापुरतं ठीक आहे, त्याच्या पुढे नाही. आणि हे फक्त दोन वायरच्या स्विचला. तीन वायर असतील तर तो सेन्सर, त्याच्यात ५ व्होल्ट येतात, तिथे तार घातली तर नवीन आजार जडेल.

वाटसरू, तुम्ही फ्यूजपासून चला. सोपं पडेल असं सांगतो, ३३ वर्षं वायरिंगच केलं आहे. बॉनेटखालच्या बॉक्समध्ये एसीचा फ्यूज असतो, बहुतेक १० अँपिअरचा. तो काढून नुसता डोळ्यांनी बघू नका, जागेवर ठेवूनच वरच्या दोन्ही बारीक टोकांना मीटर लावा, इग्निशन ऑन करून दोन्हीकडे १२ यायला पाहिजे. मग रिले. हॉर्नचा रिले सारखाच असेल तर अदलाबदल करून बघा, हॉर्न वाजला म्हणजे एसीचा रिले चांगला. एवढं करा आणि सांगा. पुढचं तेव्हा बघू.

घोडबंदरचा_वाटसरू (१२:५०)
फ्यूज ओके, दोन्ही टोकांना १२.४. रिले बदलून बघितला, हॉर्न वाजतो (सोसायटीतले दोन जण खिडकीत आले), पण हॉर्नचा रिले एसीच्या जागी टाकला तरी एसी नाही, रिलेवर बोट ठेवलं तरी आतून टकटक जाणवत नाही.

तारवाले_कळवा (१:२०)
छान. म्हणजे रिलेला हुकूमच येत नाहीये. आता इंजिन बंद करा, इग्निशन ऑन. रिले काढा, त्याच्या पोटावर आकडे असतात. ३०, ८५, ८६, ८७, किंवा जपानी पद्धतीचा असेल तर १, २, ३, ५. जाड करंटची जोडी ३० आणि ८७, दुसऱ्या पद्धतीत ३ आणि ५. सॉकेटमधल्या त्याच दोन भोकांत तार घालून जोडा, पण तारेत १० अँपिअरचा फ्यूज असू द्या, हात सटकला तर फ्यूज जाईल, बॉक्स जळणार नाही. कॉम्प्रेसरकडे कान द्या. टक आलं तर फ्यूजपासून क्लचच्या कॉइलपर्यंतची वायर, कॉइल, अर्थ सगळं ठीक.

घोडबंदरचा_वाटसरू (२:३५)
टक आलं!!! चक्क आलं. प्लेट पुलीला चिकटली, तार काढली की सुटली. मीटर मध्ये घालून करंट पण बघितला, ३.४ अँपिअर. म्हणजे १३ हजार वाचले ना?

तारवाले_कळवा (३:१०)
कॉइल चांगली आहे एवढंच सिद्ध झालं. कॉम्प्रेसर आतून कसा आहे ते चालल्यावरच कळेल. पण कॉइलला ३ ते ४ अँपिअरच लागतात, त्यामुळे तुमचा आकडा एकदम बरोबर. आणि नुसतं वाकून बघून कॉम्प्रेसर गेला असं कुणालाच सांगता येत नाही.

आता रिलेची दुसरी जोडी, ८५ आणि ८६. ही रिलेच्या आतल्या बारीक कॉइलची. एका भोकात इग्निशनवर १२ व्होल्ट येतात, दुसऱ्याला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, अर्थ देतो, मग रिले ओढतो. इंजिन चालू ठेवून, ब्लोअर आणि एसी ऑन करून, मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसला आणि काळी त्या दुसऱ्या भोकात. १२ दाखवला तर ईसीयू हुकूम देतोय, शून्य असेल तर देत नाहीये. इथे मोठ्या बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका. रिलेची कॉइल जेमतेम दीडशे मिलिअँपिअर घेते, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर खेचतो, ईसीयूच्या आतला ट्रान्झिस्टर उडू शकतो. मी एकदा असा ईसीयू उडवला आहे, पदरचे पैसे भरले.

नेरुळकर_मेघना (४:०५)
मध्येच घुसते, सॉरी. माझं पण असंच आहे पण थोडं वेगळं. सकाळी एसी एक नंबर. संध्याकाळी ऐरोली पुलावर अर्धा तास अडकलं की एसी गरम हवा टाकायला लागतो. ह्याच धाग्यात विचारलं तर चालेल का?

तारवाले_कळवा (४:४०)
चालेल ताई. थंड असताना ओढतो आणि तापल्यावर सोडतो म्हणजे पहिला संशय प्लेट आणि पुलीमधल्या गॅपचा. साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असतो, प्लेट घासून तो १ मिलिमीटरच्या आसपास गेला की कॉइल तापल्यावर तिची ओढ कमी पडते. प्लेटखालची पातळ वॉशर काढून गॅप कमी करता येतो, पुष्कळदा नवीन काही लागत नाही. फक्त फिरत्या पट्ट्याजवळ ओढणी, हात काही नेऊ नका, हे मेकॅनिककडूनच मोजून घ्या.

नेरुळकर_मेघना (५:०२)
थँक्यू दादा. एक सांगायचं राहिलं, पूल संपून गाडी पळायला लागली की दोन मिनिटांत थंड हवा परत सुरू होते.

तारवाले_कळवा (५:१५)
मग माझा पहिला अंदाज मागे घेतो. गाडी पळाली की कंडेन्सरला वारा लागतो, प्रेशर उतरतं, एसी परत येतो. म्हणजे उभ्या गाडीत कंडेन्सरचा पंखा फिरत नसेल किंवा हळू फिरत असेल, प्रेशर वर चढून जास्तीच्या बाजूचा कट लागत असेल. तो स्विच कमीला कापतो तसा जास्तीला पण कापतो. एसी लावून उभ्या गाडीत पंखा फिरतो का ते आज पार्किंगमध्येच बघा.

घोडबंदरचा_वाटसरू (६:१०)
दादा शून्य. ईसीयू हुकूम देत नाहीये. आता पॅडीभाऊचा स्विच सापडला, रिसीव्हरच्या डब्याजवळ, दोन वायर. कपलर काढून स्विचच्या दोन पिनांना मीटर लावला तर बीप वाजतो, म्हणजे स्विच जोडलेला आहे. तरी पण कपलरमध्ये तार घालून शॉर्ट केलं, पाच सेकंद फक्त, प्लेट ओढली नाही!! आता डोकं चालत नाही.

पामबीच_पॅडी (६:२२)
शॉर्ट करून पण नाही आला? मग ईसीयू गेला भावा. तुर्भ्याला ईसीयू रिपेअर करून मिळतो.

तारवाले_कळवा (७:३०)
थांबा, लगेच तुर्भ्याला पळू नका. स्विचच्या पिनांवर बीप वाजतो म्हणजे पाइपात निदान कटच्या वर प्रेशर आहे. अशा स्विचचा खालचा कट साधारण २ बारवर असतो, तुमचा त्याच्या वर आहे. म्हणजे गॅस पूर्ण उडालेला नाही, स्विच पण मेलेला नाही. शॉर्ट करून उपयोग झाला नाही, कारण बिघाड स्विचमध्ये नव्हताच. तुम्ही चालू स्विचच्या जागी चालू तार लावलीत.

अशा जुन्या गाड्यांत बऱ्याचदा एसीच्या बटणाचे १२ व्होल्ट कूलिंग कॉइलच्या थर्मोस्टॅटमधून, मग ह्या प्रेशर स्विचमधून, असे करत ईसीयूला जातात. ईसीयूला ते पोचले की त्याला कळतं एसी मागितलाय. तर एसी ऑन ठेवून कपलरच्या वायरकडच्या दोन्ही पिनांत किती व्होल्ट आहेत ते सांगा. आणि शॉर्ट केलेलं असताना परत मोजा, तेच महत्त्वाचं आहे.

घोडबंदरचा_वाटसरू (रविवार, सकाळी ८:१५)
काल अंधार पडला, आत्ता मोजलं. कपलर सुटा असताना एका पिनला ११.९, दुसरीला शून्य. मला वाटलं झालं, व्होल्ट तर येतायत. मग तार घालून मोजलं तर दोन्ही पिनांना ३ व्होल्ट!! ११.९ चे ३ कसे झाले? बॅटरी उतरली का बघितलं, बॅटरी १४.१, इंजिन चालू होतं.

तारवाले_कळवा (८:५०)
सापडलं. आता बटणापासून ह्या कपलरपर्यंतच्या वायरमध्ये शोधा. कुठेतरी ती सडली आहे, एखादीच तार शिल्लक आहे. मीटर इतका कमी करंट घेतो की एका तारेच्या जोरावर पण तो ११.९ दाखवतो. पण ईसीयूने थोडा जरी करंट ओढला की सगळं व्होल्टेज त्या सडक्या जागेतच खर्च होतं आणि पुढे ३ उरतात. ईसीयू ३ व्होल्टला एसी ऑन समजत नाही. म्हणून माझा पोरगा गॅरेजमध्ये मीटर काढतो तेव्हा मी त्याला ५ वॅटचा छोटा बल्ब देतो, ह्या वायरला तो चालतो. बल्ब लागला नाही की वायर कच्ची. आधी कपलरपासून एक वीत मागे टेप सोडून बघा. बेसमेंटला पार्किंग आहे का? उंदीर?

घोडबंदरचा_वाटसरू (११:४०)
दादा तुम्हाला साष्टांग. कपलरपासून चार बोटं मागे टेप काढली, आत इन्सुलेशनला दोन बारीक दातांच्या खुणा आणि तांबं हिरवी भुकटी. हात लावला तर तुटलीच. जुलैत बेसमेंटला घोटाभर पाणी भरलं होतं, पण गाडी तेव्हा वर होती, त्यामुळे पाणी खालून नाही, बहुतेक पावसाचे थेंब बंपरच्या जाळीतून त्या खुणेत मुरत राहिले. उंदीर केव्हाचा ते उंदरालाच माहीत. काळं झालेलं तांबं संपेपर्यंत वायर कापली, पाऊण वीत गेली, नवीन तुकडा जोडला, सोल्डर केलं, वरून श्रिंक स्लीव्ह. बटण दाबलं आणि टक! बायको वरून ओरडली लागला का म्हणून. खर्च ४० रुपये, स्लीव्हसकट.

सावंत_डोंबिवली (११:५५)
अभिनंदन. बघा म्हटलं होतं ना क्लचचाच प्रॉब्लेम.

बेलापूर_निखिल (१२:३०)
मस्त धागा. एक भर घालतो, माझी गाडी २०१९ ची आहे, तिच्यात स्विच नाहीच, तीन वायरचा सेन्सर आहे, आणि सगळ्या गाड्यांना असा क्लच पण नसतो, काहींचा कॉम्प्रेसर सतत फिरतो, आतला व्हॉल्व्ह उघडझाप करतो. तिथे टक शोधत बसाल तर जन्मात येणार नाही. अशा गाडीला स्कॅनर लावून प्रेशरचा आकडा आणि एसी रिक्वेस्ट ऑन दिसते का ते बघायचं, दोन मिनिटांत कळतं वायर आहे की गॅस.

तारवाले_कळवा (१२:५०)
बरोबर. स्कॅनर असेल तर उत्तमच. पण स्कॅनरमध्ये रिक्वेस्ट ऑफ दिसली तरी उंदराने कुठे चावलंय ते टेप सोडूनच कळतं.

घोडबंदरचा_वाटसरू (संध्याकाळी ७:२०)
आनंद थोडा ओसरला. हिरानंदानीपर्यंत चक्कर मारली, थंड होतो पण पूर्वीसारखा नाही, आणि उभ्या गाडीत प्लेट दर १५-२० सेकंदांनी टक-टक करून लागते सुटते. वाटेत ओळखीच्या एसीवाल्याकडे थांबलो, त्याने गाडी बंद असताना गेज लावला, ९६ पीएसआय. तो म्हणाला गॅस फुल आहे. मग असं का?

पामबीच_पॅडी (७:२८)
मी पहिल्यापासून म्हणत होतो गॅस कमी!!

तारवाले_कळवा (८:१०)
पॅडी, ह्या वेळी तुझं बरोबर असायची शक्यता आहे. बंद गाडीतलं प्रेशर गॅस किती आहे ते सांगत नाही. आत थोडाही लिक्विड गॅस शिल्लक असेल तोवर ते फक्त हवेच्या तापमानाप्रमाणे चालतं. आर-१३४ए ३० डिग्रीला ९७ च्या जवळपासच दाखवणार, अर्धा भरलेला असला तरी आणि पूर्ण भरलेला असला तरी. सिलिंडरसारखं आहे, घरातला गॅस सिलिंडर संपत आला तरी शेवटपर्यंत शेगडी तशीच पेटते. आता ३० डिग्रीला तो ६० दाखवत असता तर मी म्हटलं असतं जवळजवळ रिकामा. ९६ म्हणजे रिकामा नाही, एवढंच.

बेलापूर_निखिल (८:३५)
पण दादा टक-टक म्हणजे गॅस कमी असंच नाही ना? कूलिंग कॉइलचा थर्मोस्टॅट पण असाच कट मारतो, बर्फ धरू नये म्हणून. आणि संध्याकाळी गाडीत एकटाच माणूस, ब्लोअर एक नंबरवर असेल तर लवकर कट होणारच.

घोडबंदरचा_वाटसरू (८:४०)
ब्लोअर तीनवर होता आणि काचा उघड्या होत्या, तुम्ही विचारणारच म्हणून आधीच सांगतो.

तारवाले_कळवा (९:०५)
काचा उघड्या, ब्लोअर तीन, आणि तरी २० सेकंदांत कट, हे मला पटत नाही. पण निखिलचं पण खोडून काढत नाही, थर्मोस्टॅट बिघडून लवकर कट मारत असला तरी असंच दिसेल. वरून अंदाजाने गॅस मारून घेऊ नका, जास्त झाला तर उलट कूलिंग जातं. बॉनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम गॅस लागतो ते छापलेलं असतं. आहे तो गॅस मशीनने काढून वजन करायला सांगा. स्टिकरपेक्षा शंभर ग्रॅम कमी निघाला तर गळती आहे, मग नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावून शोधायची. कंडेन्सरच्या जोडांजवळ तेलकट धूळ चिकटलीये का ते आजच टॉर्चने बघा, गॅस गेला तिथून ऑइल पण थोडं जातं.

घोडबंदरचा_वाटसरू (९:५०)
टॉर्च मारली. खालच्या जोडाजवळ धूळ आहे, तेलकट वाटते, पण सगळ्याच गाडीवर घोडबंदरची धूळ आहे त्यामुळे खात्री नाही. स्टिकरवर ४२० ग्रॅम. वजन करणारं मशीन वागळे इस्टेटमध्ये एकाकडे आहे म्हणे, गुरुवारी सुट्टी टाकून जातो आणि किती ग्रॅम निघाला ते इथेच लिहितो.

नेरुळकर_मेघना (१०:१५)
दादा, पंखा बघितला. एसी लावल्यावर दोन पंख्यांतला एकच फिरतो. डावीकडचा हाताने ढकलला (इंजिन बंद करून!) तर मोकळा फिरतो. म्हणजे मोटर का फ्यूज?

तारवाले_कळवा (१०:२०)
आधी त्याच्या कपलरमध्ये १२ येतात का बघा. बल्बने बघा हं, मीटरने नको.